एएमसीचे पैसे डिसेंबरात दिले, म्हणून खर्च डिसेंबरचाच का? आणि महागडा स्पेअर पार्ट : खर्च की मालमत्ता?



मशीनवर चालणारा धंदा करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, एएमसी एकदम भरली, त्यात एक मोठा पार्ट पण बदलला. महिना तोट्यात दिसतोय. खरंच तोटा झाला का?" व्हिडिओत हे पाच मिनिटांत सांगता येतं, पण आकडे डोळ्यांसमोर असल्याशिवाय पटत नाही. म्हणून आज हे सविस्तर लिहून देतोय. एकच दुकान घेऊ आणि त्याचं एक वर्ष शेवटपर्यंत सोडवू.

छत्रपती संभाजीनगरमधला औरंगपुरा तुम्हाला माहीत असेलच. पुस्तकांची, वह्यांची दुकानं, सरस्वती भुवनचं कॉलेज, जिल्हा परिषदेचं ऑफिस. विद्यार्थी आणि सरकारी कागद दोन्ही जिथे आहेत, तिथे झेरॉक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचा धंदा असणारच. अशाच एका दुकानाचं उदाहरण समजून घेऊ. खालचे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल धरले आहेत. तुमच्या मशीनचे दर वेगळे असतील, रीत मात्र हीच राहील.

उदाहरणातलं दुकान

समजा, तुमच्याकडे एक ए-थ्री साइजचं कलर डिजिटल प्रिंटिंग मशीन आहे. तुमचा हिशोब १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो. मशीनशी संबंधित खाली दिलेले तीन खर्च सोडून, बाकी सगळं भाडं, पगार, कागद, टोनर, वीज आणि मशीनचा जुना घसारा वजा जाता वर्षाला ४,२०,००० रुपये उरतात. म्हणजे महिन्याला सरासरी ३५,०००.

आता ते तीन खर्च बघा.

पहिला, १ डिसेंबरला तुम्ही बारा महिन्यांची एएमसी घेतली आणि ६०,००० रुपये एकदम भरले. त्यात दर महिन्याची सर्व्हिसिंग, बिघाड झाला तर मेकॅनिकची फेरी आणि रोलर, गिअर, ब्लेड असले छोटे पार्ट आहेत. फ्यूझर युनिटसारखे मोठे पार्ट करारात नाहीत.

दुसरा, फेब्रुवारीत फ्यूझर युनिट गेलं. फ्यूझर म्हणजे टोनर गरम करून कागदावर पक्का बसवणारा भाग. तो खराब झाला की छपाई बोटाने पुसली जाते किंवा कागदाला सुरकुत्या पडतात. नवीन युनिट ३५,००० रुपयांना बसवलं.

तिसरा, त्याच महिन्यात तुम्ही मशीनला फिनिशर जोडला. आता मशीन स्वतःच पानं लावून, पिना मारून पुस्तिका बाहेर काढतं. आधी ते काम मुलगा हाताने करायचा. खर्च ७०,००० रुपये.

तिन्ही बिलं एकाच मशीनची, कदाचित एकाच दुकानदाराची. पण हिशोबात तिन्हींची वाट वेगळी आहे.

पहिली वाट : एएमसी

१ डिसेंबरला तुमच्या खात्यातून ६०,००० गेले हे खरं. पण त्या दिवशी तुम्हाला मिळालं काय? एक कागद आणि बारा महिने सेवा मिळण्याचा हक्क. सेवा अजून मिळायची आहे. म्हणून हे पैसे त्या दिवशी खर्च नसतात, ते तुमचं येणं असतं. फरक इतकाच की हे येणं पैशाच्या रूपात परत येत नाही, मेकॅनिकच्या फेऱ्यांच्या रूपात येतं.

म्हणून नोंद अशी करायची. १ डिसेंबरला "आगाऊ एएमसी" खातं नावे ६०,०००, बँक खातं जमा ६०,०००. हे "आगाऊ एएमसी" खातं ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला, चालू मालमत्तेत बसतं. मग प्रत्येक महिन्याच्या शेवटी "मशीन देखभाल खर्च" नावे ५,०००, "आगाऊ एएमसी" जमा ५,०००. साठ हजार भागिले बारा, बस्स.

३१ मार्चला काय दिसेल? डिसेंबर ते मार्च असे चार महिने झाले. २०,००० खर्चात गेले आणि ४०,००० "आगाऊ एएमसी"त शिल्लक राहिले. ते पुढच्या वर्षाचे आठ महिने खाणार.

आता असं केलं नाही तर काय होतं ते बघा. सगळे ६०,००० डिसेंबरात टाकले, तर ३५,००० नफ्याचा डिसेंबर २५,००० तोट्याचा दिसतो. तुम्ही घाबरता. खरा नफा मात्र ३०,००० होता. पण याहून मोठा धोका पुढे आहे. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंतचा प्रत्येक महिना ५,००० रुपयांनी जास्त चांगला दिसतो, कारण एएमसीचा भार डिसेंबरनेच उचललेला असतो. मग जूनमध्ये एखादा क्लासवाला येतो आणि म्हणतो, "चाळीस हजार पानं आहेत, दर कमी करा." तुम्ही मनात म्हणता की मेन्टेनन्स तर भरलेलाच आहे, आणि दर पाडता. महिन्याला सरासरी २०,००० प्रिंट होत असतील, तर एएमसीचे प्रिंटमागे २५ पैसे पडतात. चाळीस हजार पानांवर हे १०,००० रुपये झाले. ते दरात धरलेच नाहीत, तर ती ऑर्डर तुम्ही स्वतःच्या खिशातून छापून दिली.

करार महिन्यांवर आहे की मीटरवर?

इथे बरेच जण चुकतात. प्रिंटिंग मशीनच्या अनेक करारांत अट असते : "बारा महिने किंवा २,४०,००० प्रिंट, जे आधी पूर्ण होईल ते." मशीनच्या आत काउंटर असतो, मेकॅनिक प्रत्येक फेरीला तो आकडा लिहून घेतो. अशा करारात तुम्ही महिने विकत घेतलेले नसतात, प्रिंट विकत घेतलेल्या असतात.

औरंगपुऱ्यातल्या दुकानाला सीझन असतो. परीक्षा, मग ॲडमिशनचे फॉर्म, शाळा-कॉलेज सुरू होतानाच्या नोट्स. समजा डिसेंबर ते मार्चमध्ये ९०,००० प्रिंट झाल्या आणि एप्रिल ते जुलैमध्ये १,५०,०००. झाल्या २,४०,००० पूर्ण. करार आठव्या महिन्यातच संपला.

तुम्ही जर दर महिन्याला ५,००० असे वाटत बसला असाल, तर जुलैअखेर खात्यातून ४०,००० खर्ची गेले आणि २०,००० "आगाऊ एएमसी"त अजून दिसताहेत. पण त्यामागे काहीच उरलेलं नाही. एक फेरीही यायची बाकी नाही. कागदावर मालमत्ता आणि प्रत्यक्षात शून्य! ऑगस्टमध्ये मशीन अडकलं की मेकॅनिक म्हणणार, "करार संपला, नवीन भरा."

म्हणून मीटरचा करार असेल तर वाटणी प्रिंटच्या संख्येने करा. ६०,००० भागिले २,४०,००० म्हणजे २५ पैसे. मार्चअखेर ९०,००० प्रिंट झाल्या तर खर्च २२,५०० आणि शिल्लक ३७,५००. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी काउंटरचा फोटो काढून ठेवला की काम झालं. पुढच्या गणितात आपण साधा महिन्यांचाच करार धरू, म्हणजे २०,०००.

एकदम भरावं की हप्त्याने?

"आगाऊ एएमसी" खात्यातली शिल्लक तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगते. आज सर्व्हिसवाल्याने शटर खाली ओढलं, तर तुमचे किती बुडतील, हा तो आकडा. १ डिसेंबरला ६०,०००, मार्चअखेर ४०,०००. ही खरी जोखीम आहे, आणि लहान सर्व्हिसवाल्यांच्या बाबतीत ती काही पुस्तकातली गोष्ट नाही. एकच मेकॅनिक असतो. तो दुसरीकडे लागला की फोन उचलणं बंद.

पण एकदम भरण्यात फायदाही असतो. समजा तो म्हणतो, "एकदम भरा तर ६०,०००, तिमाही द्याल तर १६,५०० चे चार हप्ते." म्हणजे ६६,०००. सहा हजारांची सूट म्हणजे साधारण नऊ टक्के, असं वाटतं. नीट बघा. हप्त्याने दिले असते तरी पहिले १६,५०० आजच द्यावे लागले असते. म्हणजे एकदम भरून तुम्ही आज जास्तीचे ४३,५०० देताय आणि त्याबदल्यात तीन, सहा आणि नऊ महिन्यांनी द्यायचे ४९,५०० वाचवताय. या पैशावर वर्षाला साधारण २७ टक्के सुटतात. सर्व्हिसवाला पक्का असेल आणि पैसा पडून असेल, तर एकदम भरणं हा चांगला सौदा आहे. त्यासाठी महागडं कर्ज किंवा कागदवाल्याची उधारी वाढवणार असाल, किंवा माणूस नवीन असेल, तर हप्ते बरे.

सर्व्हिसवाला ढिला पडतोय हे ओळखायचं कसं? करारात लिहिलेल्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या यांची दोन रकान्यांची नोंद ठेवा. चार महिन्यांत चार फेऱ्या ठरल्या आणि दोनच झाल्या, तर खात्यात २०,००० खर्च पडलेत पण सेवा निम्मीच मिळाली. हे भांडण चौथ्या महिन्यात करायचं असतं. बाराव्या महिन्यात त्याला काही अर्थ नसतो. आणि एजन्सी खरंच बंद झाली, परत काही मिळायची आशा नाही, तर उरलेली रक्कम त्याच महिन्यात तोटा म्हणून काढून टाका. ती मालमत्तेत मिरवत ठेवू नका.

दुसरी आणि तिसरी वाट : फ्यूझर आणि फिनिशर

आता पार्टकडे येऊ. इथे बहुतेक जण रक्कम बघून ठरवतात. "मोठी रक्कम आहे ना, मग मशीनमध्ये टाका." हा नियम कुठेच लिहिलेला नाही.

कसोटी वेगळी आहे, आणि ती आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ साली स्पष्ट करून ठेवली आहे. खटला होता न्यू शोरॉक स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा, आणि मुख्य न्यायाधीश होते एम. सी. छागला. प्राप्तिकर कायद्यात "चालू दुरुस्ती"चा खर्च नफ्यातून वजा मिळतो, पण चालू दुरुस्ती म्हणजे काय, हा वाद होता. न्यायालयाच्या म्हणण्याचा सार असा : हातात असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी, सांभाळण्यासाठी खर्च केला असेल तर ती दुरुस्ती. नवी मालमत्ता उभी करायची असेल किंवा नवा फायदा मिळवायचा असेल तर ती दुरुस्ती नाही. या कसोटीत रकमेचा आकडा कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

पुढे १९९७ साली बल्लीमल नवल किशोर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी मान्य केली. तिथे एका सिनेमागृहाला नवी यंत्रं, नवं फर्निचर, नवं वायरिंग असं सगळंच नवीन केलं होतं आणि त्याला दुरुस्ती म्हटलं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. २००४ पासून तर कायद्यातच खुलासा आला की भांडवली स्वरूपाचा खर्च चालू दुरुस्तीत धरता येणार नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. म्हणून मी क्रमांक पाठ करायला सांगत नाही, कसोटी पाठ करा.

आता कसोटी लावून बघू.

फ्यूझर : आधी मशीन कलर प्रिंट काढत होतं, नवं युनिट बसवल्यावरही तेच काढतं, तितक्याच वेगाने. काहीही नवीन मिळालं नाही, बंद पडलेलं चालू झालं इतकंच. ही दुरुस्ती. ३५,००० रुपये फेब्रुवारीच्या खर्चात.

फिनिशर : आधी मशीन पुस्तिका करत नव्हतं, आता करतं. नवी क्षमता आली, नवं काम घेता येतं, आणि तो काही वर्षं चालणार. हा भांडवली खर्च. ७०,००० मालमत्तेत टाकायचे आणि दरवर्षी घसारा काढायचा.

प्राप्तिकरात साधारण यंत्रसामग्रीला घसाऱ्याचा दर १५ टक्के आहे, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. आणि खरेदीच्या वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर अर्धाच दर. फिनिशर फेब्रुवारीत लागला, म्हणून ७.५ टक्के. ७०,००० वर ५,२५०. उरले ६४,७५०. पुढच्या वर्षी त्यावर १५ टक्के, म्हणजे साधारण ९,७१३.

तिन्ही एकत्र केले की

आता तेच वर्ष तीन जणांनी लिहिलं तर काय होतं बघा. आधीचा नफा सगळ्यांचा ४,२०,०००.

पहिल्याने सगळं खर्चात टाकलं. ६०,००० अधिक ३५,००० अधिक ७०,००० म्हणजे १,६५,०००. नफा २,५५,०००.

दुसऱ्याने सगळं "मशीनवरचा खर्च" म्हणून मालमत्तेत टाकलं आणि १,६५,००० वर ७.५ टक्के घसारा काढला, १२,३७५. नफा ४,०७,६२५.

तिसऱ्याने नीट केलं. एएमसीचे २०,०००, फ्यूझरचे ३५,०००, फिनिशरचा घसारा ५,२५०. एकूण ६०,२५०. नफा ३,५९,७५०.

दुकान एक, बिलं तीच, बँकेतली शिल्लकही तीच. पण पहिला आणि दुसरा यांच्यात दीड लाखाहून जास्त फरक. आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

पहिला पुढच्या वर्षी बँकेत मशीन लोनला गेला की अधिकारी त्याची रिटर्न आणि ताळेबंद बघणार. २,५५,००० नफ्यावर किती हप्ता झेपेल याचं गणित लावणार आणि कमी कर्ज मंजूर करणार. शिवाय तपासणी झाली तर फिनिशरचा खर्च नामंजूर होऊन कर आणि व्याज मागे लागतं.

दुसरा जास्त धोक्यात आहे. त्याने न झालेल्या नफ्यावर कर भरला. वरून "चार लाख कमावले" म्हणून घरी पैसे काढले. फ्यूझरचे ३५,००० त्याच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसलेत. पण उद्या मशीन विकायला काढलं तर त्याचे वेगळे ३५,००० कोणी देणार नाही. मालमत्तेचा आकडा दरवर्षी फुगत जातो आणि मशीन मात्र जुनं होत जातं. स्वतःचा ताळेबंद काढा आणि बघा : मशीनची पुस्तकी किंमत बाजारातल्या जुन्या मशीनच्या किमतीपेक्षा खूप जास्त असेल, तर बहुतेक त्यात दुरुस्त्या लपलेल्या असतात.

"पण सर, फ्यूझर पण वर्षाहून जास्त टिकतो ना?"

बरोबर प्रश्न आहे. लेखा मानक १०, जे सुधारित रूपात २०१६ पासून लागू आहे, तिथे या बाबतीत रीत थोडी वेगळी आहे. मोठा पार्ट एका वर्षापेक्षा जास्त काळ चालणार असेल आणि त्याची किंमत लक्षणीय असेल, तर तो मालमत्तेत घ्यायचा आणि जुन्या काढलेल्या पार्टची उरलेली किंमत पुस्तकातून काढून टाकायची. रोजची सर्व्हिसिंग मात्र कधीच मालमत्तेत जात नाही. तुमची कंपनी असेल किंवा तुमच्या हिशोबाचं ऑडिट होत असेल, तर हा मुद्दा सीएंसोबत बसून ठरवा. पुस्तकात एक रीत आणि कराच्या गणितात दुसरी, असं होऊ शकतं, आणि त्यात गैर काही नाही. मात्र जुना पार्ट काढून टाकायचं विसरू नका, नाहीतर एका मशीनमध्ये कागदावर दोन फ्यूझर राहतात.

एकट्या मालकाच्या लहान दुकानात, झिजणारा पार्ट दुरुस्ती खर्चात टाकणं सरळ पडतं. फक्त दर ठरवताना तो सगळा फेब्रुवारीवर लादू नका. फ्यूझर साधारण १,५०,००० प्रिंट चालणार असेल, तर प्रिंटमागे २३ पैसे. ते आजपासूनच दरात धरा आणि जमलं तर वेगळ्या खात्यात बाजूला टाका. एएमसीचे २५ आणि फ्यूझरचे २३, असे ४८ पैसे. हे तुमच्या दराच्या वहीत नसतील, तर पुढचा फ्यूझर उधारीवर येणार.

सीमेवरच्या तीन गोष्टी

पहिली : "जुनं मशीन काढून नवं आणलं, म्हणजे दुरुस्तीच ना?" नाही. सरवणा स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात (२००७) गिरणीचं म्हणणं होतं की सगळी गिरणी हे एक यंत्र आणि रिंग फ्रेम हा त्याचा भाग, म्हणून ती बदलणं ही दुरुस्ती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक यंत्र स्वतंत्र आहे. पूर्ण यंत्र बदललं तर ती चालू दुरुस्ती नव्हे. तुमच्या दुकानातलं लॅमिनेशन मशीन किंवा कटिंग मशीन हा "दुकानाचा पार्ट" नसतो. ते बदललं तर नवी मालमत्ता.

दुसरी : मार्चमध्ये ऑफर होती म्हणून ड्रम युनिट घेऊन कपाटात ठेवलं. ३१ मार्चला ते अजून डब्यातच आहे. मग तो या वर्षाचा खर्च नाही, शिल्लक माल आहे. बसवाल त्या दिवशी खर्च. वर्षअखेरीला कपाट उघडून स्पेअरची यादी करणं म्हणूनच गरजेचं.

तिसरी : नवीन मशीन "तीन वर्षांच्या एएमसीसह" एकाच रकमेत मिळतं. बिल एकच असेल तर तुम्ही एएमसीचाही मशीन समजून घसारा काढत बसता. बिल करतानाच विक्रेत्याला दोन ओळी वेगळ्या लिहायला सांगा, मशीनची किंमत एक आणि एएमसीची एक. नंतर सांगितलं तर कोणी बदलून देत नाही.

पैसे देताना एवढं बघा

स्पेअरच्या बाजारात रोखीचा आग्रह असतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर प्राप्तिकरात तो खर्च मिळत नाही. मालमत्ता असेल तर ती रक्कम तिच्या किमतीतच धरली जात नाही, म्हणजे घसाराही नाही. फ्यूझरचे ३५,००० आणि फिनिशरचे ७०,००० बँकेतूनच द्या, भले दुकानदार पाचशे रुपये सूट देत असेल.

जीएसटी भरत असाल आणि फिनिशरवरच्या कराचं क्रेडिट घेतलं, तर ती कराची रक्कम फिनिशरच्या किमतीत धरायची नाही. क्रेडिट पण आणि त्याच रकमेवर घसारा पण, हे दोन्ही मिळत नाही. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटच नाही, म्हणून करासकट पूर्ण रक्कम किंमत धरा.

आणि तुमच्यातले बरेच जण अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरतात, उलाढालीच्या ८ टक्के किंवा बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. तिथे एएमसी, दुरुस्ती, घसारा वेगळे मागता येत नाहीत, ते त्या टक्क्यांत आलेच असं धरतात. मग कराच्या दृष्टीने वरची वाटणी तुम्हाला लागू नाही. पण दर ठरवायला, सर्व्हिसवाल्याकडे किती अडकलेत हे कळायला आणि महिना खरंच कसा गेला ते बघायला ती लागतेच.

आज करायचं काम

मशीनची गेल्या बारा महिन्यांची सगळी बिलं काढा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने एक प्रश्न सोडवा : याने मशीन होतं तसं चालू राहिलं, की आधी न करणारं काही करू लागलं? चालू राहिलं त्यावर "द", नवं मिळालं त्यावर "भ", आणि ज्याची सेवा पुढच्या महिन्यांत मिळायची आहे त्यावर "आ". दुरुस्ती, भांडवली, आगाऊ. "आ"वर करार कधी आणि किती प्रिंटला संपतो तेही लिहा. ज्या बिलावर पेन्सिल अडेल, ते बाजूला ठेवून सीएंना दाखवा. तीस बिलांत अशी दोन-तीनच निघतील.

पुढच्या व्हिडिओत जुनं मशीन विकल्यावर किंवा एक्स्चेंजमध्ये दिल्यावर पुस्तकातली किंमत कशी उतरवायची ते घेऊ. तोपर्यंत काउंटरचा फोटो काढून ठेवा.